तीनशे मिली पाण्याचा ड्रोन : आठव्या सत्राच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय मंजूर झाला: कांद्याच्या रोपावर फवारणी करणारा छोटा क्वाडकॉप्टर. आम्ही चौघे, दोन मेकॅनिकलचे आणि दोन इलेक्ट्रॉनिक्सचे. कॉलेज सिन्नर तालुक्यात आहे आणि आवाराच्या मागच्या जमिनीत शेजारचे काका उन्हाळी कांदा लावतात, त्यामुळे पीक शोधत फिरायला नको.

सरांनी चार टप्पे ठरवून दिले. ३१ जानेवारीपर्यंत वजनाचा हिशेब आणि मोटरची बाकावरची चाचणी. २२ फेब्रुवारीपर्यंत फवारणीचं सामान न लावता उड्डाण. १५ मार्चपर्यंत पंप आणि नोझल जमिनीवर नीट चालले पाहिजेत. ५ एप्रिलच्या आत शेतात साध्या पाण्याची फवारणी आणि तिचं मोजमाप. औषध टाकीत जाणार नाही, हे सरांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलं. ड्रोननं कीटकनाशक फवारायचं तर त्याची कार्यपद्धती आणि मान्यता हा वेगळाच विषय आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हातात तो नको.

पैसे: कॉलेजकडून १५,००० आणि आम्ही प्रत्येकी ३,५००, म्हणजे एकूण २९,०००. रिमोट, चार्जर आणि टेलिमेट्रीची जोडी प्रयोगशाळेत जुनी पडून आहे, ती वापरायची. हे तिन्ही विकत घ्यावे लागले असते तर प्रकल्प इथेच थांबला असता.

९ जानेवारी

दिवसभर नियम वाचले. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ वर्गात येतो, त्यापुढे २५ किलोपर्यंत ‘स्मॉल’. संशोधनासाठी मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना नोंदणी, टाइप सर्टिफिकेट आणि पायलटचा परवाना यांतून सूट आहे. अट अशी की उड्डाण हिरव्या झोनमध्ये, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या हवाई क्षेत्रात, आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत व्हावं. नाशिक जिल्ह्यात ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर असल्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आमची जागा आधी तपासली. आवार हिरव्यात आहे.

कांद्याचा तुकडा कॉलेजच्याच सातबाऱ्यावर असल्यानं ‘ताब्यातली जागा’ हा प्रश्न सुटला. तरी काकांची लेखी संमती घेतली. पीक त्यांचं आहे.

सूट असली तरी एकूण वजन २ किलोच्या आतच ठेवायचं, असं सरांनी बजावलं. पडला तर दोन किलोचा पडेल, तीनचा नाही, हा त्यांचा मुद्दा.

१३ जानेवारी

आज एक लिटरची टाकी कागदावरच बाद झाली. हिशेब सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

लांब पायांसह ४५० मिमीची फ्रेम ३८० ग्रॅम. चार मोटर (२२१२, ९२० केव्ही) मिळून २२०, त्यांचा वेग सांभाळणारे चार ईएससी ११०, पंखे ५०. कंट्रोलर, जीपीएस, रिसीव्हर, टेलिमेट्री वगैरे १५०. तारा, कनेक्टर आणि चिकटवायचं सामान ९० (सगळे हे विसरतात). ४एस, म्हणजे चार सेलची, ४२०० एमएएच बॅटरी ४३०. बेरीज १४३० ग्रॅम, आणि यात फवारणीचं अजून काहीच नाही.

पंप, तो चालवणारं सर्किट, दोन नोझल, रिकामी टाकी आणि नळ्या यांचे २५० धरले की १६८० होतात. त्यात एक लिटर पाणी भरलं तर २६८० ग्रॅम. या आकाराची मोटर ४एसवर आणि साडेनऊ इंची पंख्यावर साधारण ९०० ग्रॅमच्या आसपास ढकलते, म्हणजे चौघींचं मिळून ३६००. ताकद आणि वजन यांचं गुणोत्तर जेमतेम १.३४. ड्रोन जमिनीवरून उठेल, पण वाऱ्याची झुळूक आली की एका बाजूची मोटर शंभर टक्क्यांना जाऊन टेकेल आणि सावरायला काहीच उरणार नाही. निदान दुपटीच्या जवळ तरी हवं.

२००० वजा १६८०, उरले ३२०. म्हणून पाणी ३०० मिली.

आमच्यातला एक जण खट्टू झाला. “तीनशे मिलीत काय फवारणार? चहाचे तीन कप.” सर म्हणाले, “किती फवारलं हे दाखवायचंच नाहीये. एकसारखं फवारलं का, ते दाखवा.” प्रकल्पाचं शीर्षक तिथल्या तिथे बदललं: ‘सूक्ष्म ड्रोनद्वारे फवारणीच्या एकसारखेपणाचं मोजमाप’.

१४ जानेवारी

संक्रांत. आकाशात पतंग आणि सगळीकडे मांजा. फ्रेम जोडून ठेवली, मोकळ्यावर काहीही उडवलं नाही. महिनाअखेरीपर्यंत तारांवर आणि झाडांवर लटकलेला मांजा बघूनच जागा निवडायची.

२२ जानेवारी

सामान आलं. खर्च असा: फ्रेम १,४००, मोटर २,८००, ईएससी २,०००, सुट्यांसह पंखे ७००, कंट्रोलर-जीपीएस-पॉवर मॉड्यूल ११,५००, बॅटरी ३,९००. तारा, कनेक्टर, स्क्रू आणि सोल्डर यांना १,५००. फवारणीच्या सामानाला १,७०० बाजूला ठेवले. एकूण २५,५००, हाताशी ३,५००. जवळजवळ निम्मे पैसे एका कंट्रोलर संचात गेले. स्वस्तातला पर्याय होता, पण त्याच्या मेमरीत फवारणीचा भाग बसत नाही आणि फर्मवेअर स्वतः बांधून घ्यावं लागतं. सत्र चार महिन्यांचं आहे.

२९ जानेवारी

मोटरची ताकद मोजली. मोटर थेट वजनकाट्यावर ठेवली तर पंख्याची हवा काट्याच्या पाटावर आदळते आणि आकडा बिघडतो. म्हणून लाकडी पट्ट्यांचा काटकोनी दांडा केला: उभ्या पट्टीच्या टोकाला मोटर, कोपऱ्यात बिजागरी, आणि तेवढ्याच लांबीच्या आडव्या पट्टीचं टोक काट्यावर. हवा बाजूला निघून जाते आणि काट्यावर फक्त ढकल येते.

पूर्ण थ्रॉटलला ९४० ग्रॅम, चार मोटरचे ३७६०. १९८० ग्रॅमच्या ड्रोनसाठी गुणोत्तर १.९. चालेल. एका मोटरवर ४९५ ग्रॅम येईल तेवढा थ्रॉटल दिल्यावर साडेपाच अँपिअर ओढले, म्हणजे हवेत स्थिर राहायला चौघींना २२. बॅटरीचे ऐंशी टक्के, म्हणजे ३.३६ अँपिअर-तास वापरले तर नऊ मिनिटं. आम्ही सहाच धरणार, कारण शेवटची मिनिटं व्होल्टेज पडण्याची असतात.

पहिला टप्पा वेळेत.

१९ फेब्रुवारी

टाकीशिवाय उड्डाण झालं. जागेवर धरून ठेवणं, चार बिंदूंचा मार्ग आणि परत येणं, तिन्ही ठीक. कंपन बारा मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास. तीसच्या खाली असलं की काळजी नसते. जीपीएस आणि कंपास उंच दांडीवर नेल्यानं बॅटरीच्या तारांचा त्रास नाही. या टप्प्यावर लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

२५ फेब्रुवारी

पंप आला: १२ व्होल्टचा आर३८५, छोटा डायफ्रॅमचा, तेवढ्याच वजनात बसणारा. त्याला पाठीवरच्या पंपाचं चपट्या फवाऱ्याचं नोझल लावलं. फवारा नाही, नुसती धार. थ्रॉटल वाढवला की धार जाड होते, एवढंच.

कारण दाब. चपट्या फवाऱ्याच्या नोझलला पाणी फुटायला दोन-तीन बार लागतात. हा पंप पाणी तीनेक मीटर उंच चढवतो, म्हणजे ०.३ बार. दहापट कमी. जास्त दाबाचा पंप मिळतो, पण त्याचं वजन आमच्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त भरतं.

म्हणून पाणी फोडायचं काम पंपाकडून काढून घेतलं. मोठ्या फवारणी ड्रोनवर फिरत्या चकतीची नोझलं असतात, त्याच धर्तीवर ४० मिमीची खाचांची चकती छापून छोट्या डीसी मोटरवर बसवली. पंपानं पाणी फक्त चकतीच्या मधोमध नेऊन सोडायचं, वेगानं फिरणारी कड त्याचे थेंब करते. थेंबाचा आकार फिरण्याच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे पंपाला हात न लावता थेंब लहानमोठे करता येतात. ही मोठी सोय.

गणितानं ८००० आरपीएमला १९० मायक्रॉनच्या आसपास. प्रत्यक्षात पाणी पडताच वेग ६९०० वर आला, म्हणजे अंदाजे २२०. शंभरच्या खाली गेलं तर थेंब वाऱ्यावर उडून जातात. चारशेच्या वरचे कांद्याच्या मेणचट उभ्या पातीवरून ओघळतात. आम्ही मधोमध आहोत.

३ मार्च

चकत्या दोन, एकेक समोरच्या मोटरखाली. पंख्याच्या टोकाबाहेर लावल्या असत्या तर पट्टा रुंद मिळाला असता, पण टोकापाशी हवेचा भोवरा थेंब वर ओढतो. मोटरच्या बरोबर खाली हवा सरळ जमिनीकडे जाते आणि पातीही हलवते.

चकत्या सुरू केल्या आणि कंपन बारावरून अडतीसवर. ड्रोन एका जागी उभा असताना हळूहळू वर सरकायला लागला, म्हणजे उंचीचा अंदाज बिघडला. पंखे संशयित होते, पण चकती बंद केली की आकडा खाली. छापील चकतीची एक बाजू किंचित जड असते. चकती आडव्या सुईवर मोकळी ठेवली की जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या समोर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायचा, पुन्हा फिरवून बघायची, कुठेही थांबू लागली की झालं. दोन्ही अशा केल्यावर कंपन सतरा.

८ मार्च

पंपाचं मोजमाप. पाचशे मिलीचं मोजपात्र आणि घड्याळ. तीस टक्क्यांना पाणी येतच नाही, मोटर नुसती गुरगुरते. पस्तीसला मिनिटाला २५० मिली, पन्नासला ४००. सरळ प्रमाण नाही, पण आमच्या वेगाच्या आसपास पुरेसं जवळ आहे.

कंट्रोलरवर आर्डूपायलट हे फर्मवेअर आहे. त्यातला फवारणीचा भाग जमिनीवरच्या वेगानुसार पंप कमीजास्त करतो. `SPRAY_PUMP_RATE` म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाला पंप किती टक्के. आम्ही दोन मीटरनं जाणार आणि तेव्हा पन्नास टक्के हवेत, म्हणून पंचवीस. पंप आणि चकत्या दोन्हींना ब्रश मोटरचे छोटे ईएससी लावले, ते सर्व्होचाच सिग्नल समजतात.

```
SPRAY_ENABLE,1
SERVO9_FUNCTION,22
SERVO10_FUNCTION,23
SPRAY_PUMP_RATE,25
SPRAY_PUMP_MIN,35
SPRAY_SPEED_MIN,150
SPRAY_SPINNER,1700
RC7_OPTION,15
```

शेवटची ओळ म्हणजे रिमोटच्या सातव्या चॅनेलवर फवारणीची कळ.

पंप थांबल्यावरही चकतीवर थेंब टपकत राहतात. टाकी वर, चकती खाली, आणि डायफ्रॅम पंपाच्या झडपा पुढच्या दिशेला उघड्याच. नळीत स्प्रिंगचा एकमार्गी व्हॉल्व बसवला, टपकणं थांबलं. आठ ग्रॅम गेले. टाकीत मत्स्यपात्राच्या गाळणीचा स्पंज कोंबला, कारण ब्रेक लावताना पाणी पुढे आदळून ड्रोन डुलत होता.

१२ मार्च

दीड मीटर उंची बॅरोमीटरच्या भरवशावर धरता येत नाही. त्याचा आकडा उन्हानं आणि पंख्यांच्या हवेनं सहज अर्धा मीटर सरकतो, आणि एवढ्या कमी उंचीवर अर्धा मीटर म्हणजे पट्ट्याची रुंदीच बदलते. शिलकीतून टीएफ-लुना लेझर घेतला, २,१०० रुपये, पाच ग्रॅम. एकूण वजन १९९४. आता स्टिकर लावायलाही जागा नाही.

शिल्लक १,४००.

१७ मार्च

धुळवडीचा उरलेला रंग पाण्यात घालून बघितला, तळाशी बसला आणि नळीत अडकला. खाण्याचा निळा रंग बरा. पाण्याचा थेंब पडताच रंग बदलणारा जलसंवेदी कागद आमच्या शिलकीत बसत नाही, म्हणून साध्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या.

मैदानावर उड्डाणाच्या आडव्या रेषेत दर वीस सेंटिमीटरला एक पट्टी ठेवली आणि वरून एकदाच गेलो. उंची दीड मीटर, वेग दोन. पट्ट्या स्कॅन करून इमेजजे या चित्रं मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रंगलेलं क्षेत्रफळ काढलं. डागाच्या मापाला थेंबाचं माप समजायचं नाही, साध्या कागदावर थेंब पसरून दुप्पट-तिप्पट होतो. पण एका पट्टीची दुसरीशी तुलना करायला हे चालतं.

मधल्या पट्ट्या दाट, कडेच्या विरळ, अपेक्षेप्रमाणे. मधल्याच्या निम्मा रंग जिथे दोन्हीकडे उरतो, त्या दोन जागांमधलं अंतर १.३ मीटर भरलं. ओळींमधलं अंतर तेवढंच ठेवायचं, म्हणजे शेजारच्या दोन ओळींचे विरळ भाग एकमेकांवर पडून जवळपास पूर्ण होतात. आम्ही कागदावर दीड मीटर धरलं होतं.

मिनिटाला ४०० मिली, दोन मीटर वेग, १.३ मीटर पट्टा: हेक्टरी २५.६ लिटर, एकरी साधारण साडेदहा. मोठे ड्रोनही एकरी दहाच्या आसपासच टाकतात, त्यामुळे दर बरोबर आहे. मात्र एक एकर करायचा तर आम्हाला टाकी पस्तीस वेळा भरावी लागेल. हे अहवालात लपवायचं नाही, असं ठरलं.

२१ मार्च

३०० मिली ४५ सेकंद पुरतं, म्हणजे ९० मीटर, म्हणजे ११७ चौरस मीटर. एक गुंठा आरामात व्हायला हवा. मैदानावर गुंठाभर आखून सहा ओळींचा मार्ग दिला, तर सहावी ओळ पुरी होण्याआधीच टाकी रिकामी.

पट्ट्या बघितल्यावर कळलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक गडद पट्टा होता. ड्रोन वळायला थांबतो तेव्हा वेग ठरवलेल्या मर्यादेखाली गेल्यावर पंप लगेच बंद होत नाही, सेकंदभर थांबून होतो. मधेच वेग क्षणभर घसरला म्हणून फवारणी तुटू नये, यासाठी ती सोय आहे. मोठ्या शेतात शंभर मीटरच्या ओळीत हा सेकंद कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमची ओळ तेरा मीटरची आहे.

उपाय दोन. वळण पिकाच्या बाहेर: `WPNAV_ACCEL`, म्हणजे मार्गावरचा प्रवेग, १०० केलं की दोन मीटरचा वेग गाठायला दोन मीटर लागतात, म्हणून ओळ दोन्ही टोकांना दोन मीटर वाढवली. गडद पट्टा आता बांधावर पडतो. आणि पाच ओळी, म्हणजे १३ बाय ६.५ मीटर. पाऊण गुंठ्याहून थोडं जास्त, पण टाकीत घोटभर शिल्लक राहतं.

२८ मार्च

शेतात. सकाळी सातला वारा सेकंदाला दीड मीटरच्या खाली. काका बांधावर. काकांनी टाकी हातात घेतली, हलवून बघितली, म्हणाले, “एवढ्यात माझी चूळ भरून होईल.”

पट्ट्या यावेळी जमिनीवर नाही, बांबूच्या कांड्यांवर पातीच्या उंचीला लावल्या. काहींवर एक पट्टी वर आणि एक खाली, पातीच्या बुडाशी. फुलकिडे पातीच्या बेचक्यात, आतल्या कोवळ्या पानांत असतात, त्यामुळे वरची पट्टी कितीही रंगली तरी खरा प्रश्न खालचीचा आहे.

पाचही ओळी झाल्या, उतरल्यावर टाकीत जवळपास वीस मिली. वरच्या पट्ट्यांवर मधल्या ओळींमध्ये फरक थोडा. कडेच्या दोन ओळी विरळ, कारण त्यांना एकाच बाजूचा शेजार. खालच्या पट्ट्यांवर वरच्याच्या साधारण तिसरा हिस्सा रंग. लेझरनं उंची बरी धरली, पण दोन सरींमधून जाताना जमीन आणि पात यांत त्याची उडी दिसते. लॉगमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटरचे दात आहेत.

साडेनऊला वारा तीनच्या वर गेला. तेव्हा मुद्दाम एक फेरी केली आणि वाऱ्याच्या दिशेला पाच मीटरवर पट्टी ठेवली. तिच्यावर बारीक निळे ठिपके आले. आज पाणी होतं.

उतरताना पाय पातीत अडकून एक पंखा गेला. सुटा होता.

२ एप्रिल

उंची एक मीटर करून तीच चाचणी. खालच्या पट्टीवरचा रंग वाढला, निम्म्याच्या जवळ आला, कारण पंख्यांची हवा पात बाजूला सारते. पण पट्टा अरुंद झाला आणि ओळींमध्ये पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. ओळी जवळ आणाव्यात तर पाणी पुरत नाही. मधला मार्ग म्हणून सव्वा मीटर उंचीचं मोजमाप परवा सकाळी, वारा असेल तर तेरवा. त्यानंतर नाही, काका पाणी तोडणार आहेत आणि माना पडायला लागल्या की पातीची उंचीच बदलेल.

४ एप्रिल

सव्वा मीटरचं झालं. खालच्या पट्टीवर वरच्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, रेघा नाहीत. अहवालात शिफारस हीच, पण फक्त या ड्रोनसाठी, या चकत्यांसाठी आणि या वाढीच्या कांद्यासाठी. टप्पा चौथा एक दिवस आधी.

शिल्लक: १,४०० मधून नवीन पंख्यांची जोडी ३५०, उरले १,०५०. त्यातून अहवालाची छपाई आणि बांधणी. बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून प्रयोगशाळेच्या पत्र्याच्या कपाटात ठेवली, भरलेली ठेवली असती तर पुढच्या तुकडीला फुगलेली मिळाली असती. पुढच्यांसाठी चिठ्ठी: टाकी मोठी करण्याआधी पंखे मोठे करा, आणि चकत्या छापल्या की आधी सुईवर तोला.